मुळशीचा आंबेमोहोर पुण्याच्या दुकानात : नमुन्यापासून पहिल्या मागणीपर्यंत

पुणे शहरातील कोणत्याही किराणा-भुसार दुकानात जाऊन "आंबेमोहोर आहे का?" असे विचारले, तर "आहे की!" असेच उत्तर बहुधा मिळते. पोत्यावर ठसठशीत अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. शहरापासून अवघ्या काही कोसांवर असलेल्या मुळशी तालुक्यातील भात उत्पादकांपुढची खरी अडचण या उत्तरातच आहे. ज्या मालाचे नाव दुकानात आधीच विकले जात आहे, तो माल 'नवा' म्हणून दुकानदारापुढे कसा ठेवावयाचा? दुकानदाराच्या दृष्टीने ती जागा भरलेली असते.

वस्तुस्थिती अशी की, आंबेमोहोर या नावाने शहरात विकला जाणारा बराचसा तांदूळ मुळशी-मावळच्या खाचरांतला नसतो. छत्तीसगडचा जवाफूल, आंध्र प्रदेशाकडील जिरा सांबा यांसारखे बारीक व आखूड दाण्याचे तांदूळ त्या नावाखाली खपतात. हे तांदूळ मुळात वाईट नव्हेत. जवाफूल तर स्वतःच्या अंगाने सुवासिक आहे. पण ते आंबेमोहोर नव्हेत. मूळ आंबेमोहोराचे रोप उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते, करप्याला लवकर बळी पडते आणि एकरी उतारा कमी देते. त्यामुळे त्याचा दर चढा राहतो, आणि दर चढा राहतो म्हणूनच दुसऱ्या तांदळाला त्याचे नाव लावण्याचा मोह होतो. मावळ तालुक्यातील वडगाव येथील कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर-१५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून 'इंद्रायणी' हा वाण तयार झाला व १९८७ मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती आला. त्यानंतर अनेक शेतकऱ्यांनी जास्त उताऱ्यासाठी तिकडे वळणे पसंत केले, यात नवल नाही. आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन लाभले आहे. परंतु दुकानाच्या फळीवर जागा मिळाल्यावाचून मानांकनाचे रूपांतर पैशात होत नाही.

मुळशीतील एखाद्या शेतकरी गटाने आपल्या आंबेमोहोराची पाकिटे पुण्यातील किरकोळ दुकानदारांपुढे प्रथमच मांडावयाची ठरविली, तर नमुना कसा काढावा, तो कधी व कसा पोहोचवावा आणि पहिल्या मागणीसाठी सवलत कोणती द्यावी, याचा तपशील पुढे दिला आहे. त्यातील दर व संख्या केवळ हिशोब समजावा म्हणून घेतल्या आहेत. बाजारभाव म्हणून नव्हेत.

मालिका तीन वस्तूंची, नमुना एकाच वस्तूचा

भाताची भरडाई केल्यावर शंभर किलो भातातून साधारणतः साठ ते पासष्ट किलो तांदूळ निघतो. उरलेले तूस व कोंडा. त्या तांदळातही अखंड दाणा आणि कणी असे दोन भाग पडतात. म्हणजे गटाकडे आपोआपच तीन वस्तू तयार होतात : पॉलिश केलेला अखंड तांदूळ, कोंडा राखलेला हातसडीसारखा तांदूळ आणि कणी. कणीला कमी लेखण्याचे कारण नाही. लहान मुले, वृद्ध व आजारी माणसे यांच्यासाठी आंबेमोहोराची पेज करण्याची रीत पुणे जिल्ह्यात जुनी आहे आणि त्या पेजेला कणीच सोयीची पडते.

तिन्ही वस्तूंची माहिती दुकानदाराला पत्रातून द्यावी. नमुना मात्र अखंड तांदळाचाच पाठवावा. तीन पुड्या एकदम हाती पडल्या तर दुकानदार एकही शिजवीत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कोंडा राखलेल्या तांदळात तेलाचा अंश असतो आणि त्यामुळे तो लवकर खवट होतो. ज्या दुकानात माल किती दिवसांत हलेल याचा काहीच अंदाज नाही, तेथे पहिल्या खेपेलाच हा तांदूळ ठेवणे म्हणजे परत येणाऱ्या मालाची सोय करून ठेवण्यासारखे आहे. एका दुकानात अखंड तांदळाची दुसरी मागणी आली, की मगच तेथे हातसडीचा विषय काढावा.

नमुना काढण्याची रीत

नव्या मालाच्या ओळखीत सर्वाधिक नुकसान करणारी चूक म्हणजे नमुना चांगला आणि माल साधारण. ही चूक दरवेळी लबाडीतून होते असे नाही. गटातील ज्या सभासदाच्या भाताला वास उत्तम, त्याच्याच घरून चार-पाच पायल्या तांदूळ नमुन्यासाठी आणला जातो. मागणी आल्यावर मात्र माल पंधरा घरांतला एकत्र होऊन जातो. दुकानदाराने भात शिजवून पाहिलेला असतो. गिऱ्हाईकाने नेलेल्या पाकिटाचा भात तसा लागत नाही. त्यानंतर त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणे कठीण होते.

म्हणून आधी सर्व सभासदांचा माल एकत्र भरडून त्याचा एक लॉट करावा, त्याला क्रमांक द्यावा आणि त्यातूनच नमुना काढावा. पोत्यात खुपसून दाणे काढण्याची पोकळ नळी असते. ती प्रत्येक पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी घालून थोडे थोडे दाणे घ्यावेत. जमलेले दाणे स्वच्छ कापडावर ओतून चांगले कालवावेत, त्या ढिगाचे चार समान भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन भाग ठेवून बाकीचे दोन पोत्यात परत टाकावेत; हवे तेवढे वजन उरेपर्यंत हीच कृती पुन्हा करावी. या रीतीने काढलेला नमुना सर्वोत्तम नसतो, पण खरा असतो. त्यातलेच अर्धा किलो तांदूळ बंद डब्यात, लॉट क्रमांक व तारीख लिहून गटाकडे राखून ठेवावेत. पुढे "हा तो माल नव्हे" अशी तक्रार आलीच, तर तो डबा उघडून दोन्ही तांदूळ शेजारीशेजारी शिजविता येतात.

दाण्यात ओल किती आहे तेही याच वेळी पाहावे. साठवणुकीच्या तांदळात ओल चौदा टक्क्यांहून अधिक असता कामा नये. भात गिरण्यांकडे किंवा खरेदी केंद्रांवर ओल मोजण्याचे यंत्र बहुधा असते. ते नसेल तर दाणा दाताखाली धरून पाहावा. वाळलेला दाणा कट् असा आवाज करून तुटतो, ओला दाणा चेपतो. ओला तांदूळ प्लॅस्टिकच्या पाकिटात कोंडला की काही दिवसांत त्याला कुबट वास धरतो, आणि ज्या तांदळाची सारी पुंजी सुवासात आहे, त्याच्या बाबतीत तो घातकच ठरतो.

वास शिजताना कळतो

आंब्याच्या मोहोरासारखा वास म्हणून आंबेमोहोर. या वासाच्या मुळाशी जो प्रमुख घटक आहे तो बासमतीतही सापडतो. रसायनशास्त्रात त्याला २-अॅसिटिल-१-पायरोलिन म्हणतात. हा घटक उडून जाणारा आहे. तांदूळ जितका काळ ठेवावा तितका तो कमी होत जातो आणि कच्च्या दाण्यापेक्षा भाताला वाफ येते तेव्हा तो अधिक जाणवतो. यातून नमुन्यासंबंधी तीन गोष्टी ठरतात.

पहिली म्हणजे नमुन्याच्या पाकिटावर भरडाईची तारीख ठळक घालावी आणि भरडाईनंतर शक्य तितक्या लवकर नमुने वाटावेत. दुसरी, मूठभर तांदळाची पुडी निरुपयोगी आहे. दुकानदार ती हातावर घेतो, हुंगतो, "ठीक आहे" म्हणतो आणि बाजूला ठेवतो. नमुना एका घरच्या एका वेळच्या भाताइतका, म्हणजे अडीचशे ग्रॅमचा असावा, म्हणजे तो घरी जातो. दुकानदाराच्या घरातील गृहिणीचे मत हेच पुष्कळ वेळा मागणीचे खरे कारण असते. तिसरी, दुकानदाराला विनंती करावी की, त्याच दिवशी आपल्या पोत्यातला 'आंबेमोहोर' दुसऱ्या भांड्यात शिजवून पाहावा. दोन झाकणे एकाच वेळी उघडल्यावर विक्रेत्याने आणखी काही सांगावे लागत नाही. दाणा पाहून दोन्हींतला फरक सर्वांना ओळखता येईलच असे नाही, कारण तोतया तांदूळही आखूड व बारीकच असतो.

पाण्याचे प्रमाण पाकिटावर लिहिलेच पाहिजे. नव्या तांदळाला पाणी कमी लागते. डिसेंबर-जानेवारीत पाठविलेला नमुना हा नुकत्याच कापणी झालेल्या भाताचा असतो, आणि दुकानदाराच्या घरी जुन्या तांदळाच्या सवयीने वाटीला अडीच वाट्या पाणी घातले गेले तर भाताचा गिचका होतो. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, अर्धा तास भिजवण, एवढी सूचना पुरते. हा भात मऊ व किंचित चिकट होतो आणि दाणा शिजताना तुटण्याचीही शक्यता असते. साधा वरणभात, तूपभात, खिचडी, पेज यांसाठी तो उत्तम. मोकळ्या पुलावासाठी नव्हे. हे पत्रात स्वच्छ लिहावे. गिऱ्हाईकाने पुलाव करून तक्रार घेऊन यावे, त्यापेक्षा ते बरे.

नमुना फुकटचा आहे म्हणून त्याचे पाकीट कोरे ठेवू नये. गटाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, भरडाई व पॅकिंगचा महिना आणि वर्ष, लॉट क्रमांक, किती काळात वापरावा ती मुदत, अन्न सुरक्षा विभागाकडील नोंदणीचा किंवा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक, हिरवे चिन्ह आणि तक्रारीसाठी दूरध्वनी हे सर्व विक्रीच्या पाकिटावर असते तसेच नमुन्यावरही असावे. किमतीच्या जागी मात्र 'विनामूल्य नमुना, विक्रीसाठी नाही' असा शिक्का असावा. दुकानदार पाकीट उलटून हे वाचतो. माल ठेवला तर तपासणीच्या वेळी उत्तर त्यालाच द्यावयाचे असते. मानांकनाचे चिन्ह मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून भौगोलिक संकेत नोंदवहीत ज्यांची नोंद झाली आहे त्यांनीच छापावे. केवळ मुळशीत पिकविले एवढ्यावर ते लावता येत नाही.

पाठवणी

पौडहून चांदणी चौकामार्गे कोथरूडला माल आणणे हा काही मोठा प्रवास नव्हे. तरीही सारा गोंधळ याच टप्प्यात होतो, कारण प्रश्न अंतराचा नसून वेळेचा असतो. महिन्याच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत घरोघरच्या याद्या दुकानात येतात आणि दुकानदाराला मान वर करावयास फुरसत नसते. त्या दिवसांत दिलेला नमुना गल्ल्यामागच्या फळीवर पडून राहतो. बारा तारखेपासून वीस तारखेपर्यंतचा काळ नमुन्यांचा. वीस ते पंचवीस मागणी घेण्याचा. आणि महिनाअखेरीपूर्वी माल दुकानात पोहोचलेला असावा, म्हणजे पुढल्या महिन्याच्या यादीत त्याला जागा मिळते. पेठांतील दुकाने दुपारी एक ते चार बंद ठेवण्याचा पुण्याचा रिवाज सुप्रसिद्ध आहे. त्यावर विनोद पुष्कळ झाले असले तरी चार वाजता दुकान उघडल्यानंतरचा पहिला अर्धा तास हा नमुना देण्यास सर्वांत चांगला असतो, हे लक्षात ठेवावे. साप्ताहिक सुटीचा वारही आधी विचारून घ्यावा.

शहरात नमुने टपालाने किंवा कुरियरने पाठविण्यापेक्षा गटातील माणसाने स्वतः नेऊन द्यावेत. दुकानातील मुलाच्या हाती पाकीट देऊन परतणे म्हणजे नमुना वाया घालविणे होय. मालकाच्याच हाती द्यावे. साठ दुकाने असतील तर एका दिवसात पंधरा, असे चार दिवस पुरतात. सोबत विक्री नसल्याने बिल नसते. त्याऐवजी नमुन्यांची संख्या, वजन व लॉट क्रमांक लिहिलेले साधे वितरण चलन वाहनात असावे. गटाच्या वहीत प्रत्येक नमुन्याचा क्रमांक, दुकान, कोणी घेतला, तारीख आणि पुन्हा भेटण्याचा दिवस एवढे लिहिले म्हणजे काम भागते. पुन्हा भेटावयाचे ते पाचव्या दिवशी, आणि प्रश्न एकच विचारावयाचा : "भात शिजवला का?" 'नाही' म्हटले तर मागणीचा विषय काढू नये, दोन दिवसांनी परत यावे. चव न घेता केवळ भिडेखातर दिलेली मागणी पहिली आणि शेवटची ठरते.

पत्र आणि सवलत

नमुन्यासोबतचे पत्र एका पानाहून मोठे नसावे. त्याचा मासला असा :

"सप्रेम नमस्कार. मुळशी तालुक्यातील आमच्या शेतकरी गटाने या हंगामापासून आंबेमोहोर तांदूळ स्वतः भरडून पाकिटांत भरण्यास प्रारंभ केला आहे. सोबत अखंड तांदळाचा अडीचशे ग्रॅमचा एक नमुना (लॉट क्रमांक व भरडाईची तारीख पाकिटावर) पाठवीत आहोत. कृपया एका वाटीस दोन वाट्या पाणी घालून तो घरी शिजवून पाहावा आणि शक्य झाल्यास आपल्याकडील आंबेमोहोराशी ताडून पाहावा. हा तांदूळ वरणभात, खिचडी व पेज यांसाठी आहे, पुलावासाठी नाही. याच लॉटचा माल एक किलोच्या पाकिटांत उपलब्ध असून कणी व कमी पॉलिशचा तांदूळ मागणीनुसार मिळेल. पहिल्या मागणीसाठी : दहा पाकिटांचे एक खोके, दर पाकिटास १२० रुपये, कमाल किरकोळ किंमत १४० रुपये. दहा पाकिटांच्या किमतीत अकरावे पाकीट दिले जाईल. तीस दिवसांत न विकलेली बंद पाकिटे आम्ही त्याच किमतीस परत घेऊ. ही सोय या महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत नोंदविलेल्या एका खोक्यापुरती आहे. पाच दिवसांनी आमचा माणूस आपणांस भेटेल. कळावे."

या पत्रात सवलत एकच दिसते, प्रत्यक्षात दोन आहेत, आणि त्यांपैकी परतीची सोय ही अधिक वजनाची आहे. नव्या तांदळासंबंधी दुकानदाराला भीती दराची नसते; माल पडून राहील, त्यात सोंडे होतील आणि भांडवल अडकेल याची असते. खोके दहाच पाकिटांचे ठेवण्याचेही कारण तेच. दरात सूट देणे सोपे वाटते, परंतु एकदा ११० रुपयांनी घेतलेले पाकीट दुसऱ्या वेळी १२० रुपयांना घेताना दुकानदाराला ती भाववाढ वाटते. अकराव्या पाकिटाने दर ढळत नाही. शिवाय त्या पाकिटाचा खरा उपयोग विकण्यात नाहीच. ते फोडून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत गल्ल्याजवळ ठेवावे, म्हणजे गिऱ्हाईकाला दाणा पाहता येतो. ही बरणी आणि पाकिटेही उदबत्ती, साबण व फिनेल यांच्या शेजारी ठेवू नयेत, हे माल पोहोचविणाऱ्याने स्वतः पाहावे. तांदूळ परका वास झटकन ओढून घेतो.

करासंबंधी थोडेसे. २५ किलोपर्यंतच्या, आगाऊ बांधलेल्या व लेबल लावलेल्या तांदळावर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. जो गट या कराखाली नोंदलेला आहे त्याने लक्षात ठेवावे की, फुकट वाटलेल्या नमुन्यांवर कर आकारावा लागत नसला, तरी त्या नमुन्यांसाठी खरेदी केलेल्या पाकिटे-छपाईसारख्या वस्तूंवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. दहावर एक पाकीट देण्याचे तसे नाही. ७ मार्च २०१९ च्या केंद्रीय परिपत्रकानुसार अशी योजना म्हणजे एका किमतीत दिलेला अधिक माल समजला जातो आणि वजावट कायम राहते. म्हणून अकरावे पाकीट त्याच बिलावर दाखवावे, वेगळे 'नमुना' म्हणून देऊ नये.

एका फेरीचा हिशोब

समजा, गट नोंदणीच्या मर्यादेखाली असून भरलेले एक किलोचे पाकीट शहरात पोहोचेपर्यंत त्याला १०० रुपये खर्च येतो. नमुन्यातील पाव किलो तांदळाचे २५ रुपये, लहान पाकीट व पत्र यांचे १० आणि पोहोचविण्याचे १५, असा एका नमुन्याचा खर्च ५० रुपये होतो. साठ दुकानांना नमुने दिले, तर ३,००० रुपये गेले.

साठांपैकी अठरा दुकानदारांनी पहिले खोके घेतले असे धरू. प्रत्येक खोक्याचे १,२०० रुपये येतात, अकरा पाकिटांचा खर्च १,१०० रुपये, शिल्लक १००. अठरा खोक्यांची शिल्लक १,८०० रुपये होते. म्हणजे पहिल्या फेरीअखेर, एकही पाकीट परत आले नाही असे धरूनही, गट १,२०० रुपयांनी तोट्यातच असतो. अनेक गट या टप्प्यावर घाबरून दर वाढवितात किंवा काम सोडून देतात. प्रत्यक्षात दुसऱ्या मागणीपासून अकरावे पाकीट नाही, त्यामुळे खोक्यामागे २०० रुपये उरतात. सहा दुकानांनी दुसरे खोके मागविले की खर्च भरून निघतो. सातव्यापासून नफा सुरू होतो. सहांपेक्षा कमी दुकाने परतून आली, तर दोष नमुना देण्याच्या रीतीत नसून मालात किंवा दुकानांच्या निवडीत आहे असे समजावे, आणि आणखी साठ नमुने वाटण्यापूर्वी राखून ठेवलेला डबा उघडून तो शिजवून पाहावा.

दुकानांच्या निवडीविषयी एक गोष्ट अनुभवी दुकानदारही मान्य करतील. जेथे सुटा तांदूळ पोत्यांतून, चार आणे कमी-जास्त पाहून घेतला जातो, तेथे १४० रुपयांचे पाकीट हलत नाही. जेथे गिऱ्हाईक नाव घेऊन तांदूळ मागते आणि मागील वेळचा भात कसा झाला ते येऊन सांगते, अशी दुकाने कोथरूड, कर्वेनगर, सदाशिव पेठ या भागांत आजही सापडतात. साठांची यादी अशाच दुकानांची करावी.

परत आलेल्या पाकिटांचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. तीच पाकिटे दुसऱ्या दुकानात नवी म्हणून कधीही देऊ नयेत. वास कमी झालेला असतो आणि तारीख पाकिटावर असतेच. गटाने ती आपल्या गावच्या बाजारात, तारीख दाखवून, कमी दराने विकावीत. परतीच्या प्रत्येक पाकिटावर ते कोणत्या दुकानातून आले ते लिहून ठेवावे. एकाच दुकानातून दहापैकी आठ परत आली तर तेथे तो माल चालणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण दहा दुकानांतून दोन-दोन परत आली आणि पाकीट फोडल्यावर कुबट वास आला, तर तो लॉटच थांबवून भरडाईच्या वेळची ओल तपासली पाहिजे, आणि ज्या दुकानांत तो माल अजून फळीवर आहे तेथून तो न मागता उचलून आणला पाहिजे.